कलम गेलं, पण शब्द राहिला

प्रश्न : ३७७ कलम जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आमच्या जळगाव-धुळ्याकडे समलिंगी म्हटलं की लोक गुन्हेगार असल्यासारखंच बघतात. हे इंग्रजांनी डोक्यात घातलं की आपलंच जुनं आहे?

उत्तर :

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करतो. २०२१ साली माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणापासून सुरुवात करतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

केळीच्या पट्ट्यातलं घर. मुलगा तेवीस वर्षांचा. मोबाइलवरच्या एका ॲपवर त्याची एकाशी ओळख झाली आणि तो भेटायला गेला. तिथे एकाऐवजी दोघं निघाले. त्यांनी व्हिडिओ काढला आणि म्हणाले, पैसे दे, नाहीतर पोलिसात देतो, ३७७ लागेल. पोराने पंधरा हजार दिले. पुढे चाळीस मागितले, तेव्हा त्याने मामाला सांगितलं. मामा त्याला घेऊन माझ्याकडे आले. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "साहेब, तक्रार दिली तर आपलाच पोरगा आत जाईन ना?"

सुप्रीम कोर्टाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा. दोन सज्ञान माणसांनी संमतीने, खाजगीत ठेवलेला संबंध हा गुन्हा नाही, असं पाच न्यायाधीशांनी सांगून तेव्हा तीन वर्षं होत आली होती. हे त्या मामांना माहीत नव्हतं, आणि खंडणी मागणाऱ्यांनाही माहीत नसावं. निकालातच केंद्र सरकारला सांगितलं होतं की याची रेडिओ, टीव्ही, छापील माध्यमांतून भरपूर प्रसिद्धी करा आणि पोलिसांना वेळोवेळी प्रशिक्षण द्या. आमच्या तालुक्यात तरी तसं काही झालेलं मी पाहिलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा "आपलंच जुनं" हा भाग. समलिंगी संबंधांची नापसंती आपल्याकडेही होती, ती नाकारून चालणार नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात हे जातिभ्रष्ट करणाऱ्या पापांत धरलंय. पण त्याच अध्यायात पुरुषासाठी सांगितलेलं प्रायश्चित्त आहे सचैल स्नान, म्हणजे अंगावरच्या कपड्यांसकट आंघोळ. बायकांच्या बाबतीत तोच ग्रंथ फार कठोर आहे, तेही खरं. तरीही पाप आणि प्रायश्चित्त एकीकडे, आणि जन्मठेपेपर्यंतचा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा दुसरीकडे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी इंग्रजांनी आणली. मेकॉलेच्या आयोगाने दंडसंहितेचा मसुदा १८३७ मध्ये केला, ती १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. त्या मसुद्यासोबतच्या निवेदनात आयोगाने लिहिलंय की या किळसवाण्या विषयावर जाहीर चर्चा होईल असं काही मजकुरात वा टिपांत घालायची आमची इच्छा नाही. म्हणजे शिक्षा ठरली आणि बोलायचं नाही हेही ठरलं.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र त्याच दंडसंहितेच्या दुसऱ्याच एका कलमात होती. ३८८ कलम खंडणीचं होतं. एखाद्यावर गंभीर गुन्ह्याचा आरोप करीन असा धाक घालून पैसे उकळले तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. पुढे एक जादा ओळ होती : धाक ३७७ च्या आरोपाचा असेल, तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. इतर कुठल्याही गुन्ह्याचं नाव त्या कलमात घेतलेलं नव्हतं, फक्त याचं. या आरोपाची भीती दाखवून माणसं लुबाडली जाणार हे कायदा लिहिणाऱ्यांना पुरेपूर ठाऊक होतं. म्हणून कडक शिक्षा ठेवली, पण लुबाडलेल्या माणसाला ठाण्यात येऊन "माझ्यावर असा आरोप करतायत" हे सांगायची हिंमत कशी व्हावी, याला उत्तर नव्हतं. संमती होती की नव्हती याला ३७७ मध्ये अर्थच नव्हता. दोघंही गुन्हेगार. मग तक्रार करणार कोण?

त्यामुळे ३७७ ची दहशत निकालांतून आली नाही. ती चव्हाट्यावर यायच्या भीतीत होती. आणि कलम गेलं तरी चव्हाटा जागेवरच आहे.

दुसरी खूण भाषेतली. "अनैसर्गिक कृत्य" हे शब्द तुम्ही पेपरात कितीदा वाचले असतील! २०१२ साली बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीचा पोक्सो कायदा येईपर्यंत लहान मुलावर अत्याचार झाला तर लावायला मुख्यतः ३७७ च होतं, कारण बलात्काराच्या कलमात मुलग्याचा विचारच नव्हता. साहजिकच बातमीत हे शब्द यायचे ते बहुतेक वेळा एखाद्या लेकरावरच्या अत्याचाराच्या संदर्भात. आमच्या आया-मावशांनी तो शब्द असाच ऐकला. लेकराला छळणारा नराधम आणि शेजारच्या गल्लीतला, मित्रावर जीव असलेला साधा पोरगा, दोघांना एकच शब्द. त्या बायांच्या मनात घृणा आली ती त्या लेकरासाठी. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही.

कायदा गेल्यावरही शिक्का कसा उरतो हे आपल्या खान्देशात दुसरीकडेही दिसतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या एका भागात काही जमाती जन्मजात गुन्हेगार धरल्या होत्या, आणि दुसऱ्या भागात उत्तरेतल्या प्रांतांत हिजड्यांची नोंदवही ठेवायची तरतूद होती. हा कायदा पुढे १९११ साली मुंबई इलाख्यालाही लागू झाला, आणि देशभर रद्द झाला १९५२ च्या ऑगस्टमध्ये. आज गावात मोटार चोरीला गेली, विहिरीवरची म्हणतोय मी, तर संशयाचं बोट आधी कुठल्या वस्तीकडे जातं? पारधी कुटुंबांच्या जामिनाचे अर्ज मी केलेत, म्हणून हे बोलतो. सत्तर वर्षं पुरली नाहीत.

तिसरं कारण आजचं आहे. २०१८ च्या निकालाने शिक्षा काढली, घरात जागा दिली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायचं काम संसदेवर सोडलं. आमच्याकडे माणूस ओळखला जातो तो सोयरिकीतून. कोणाचा जावई, कोणाचा व्याही. धाकट्या बहिणीचं स्थळ थोरल्या भावाच्या नावावर अडतं. आई विचारते, "मग याचं पुढं काय?" याचं उत्तर मला कुठल्याच कायद्याच्या पुस्तकातून काढून देता येत नाही.

त्या पोराचं सांगायचं राहिलं. मी मामांना निकालाची प्रत वाचून दाखवली. तक्रार लिहिली खंडणीची आणि व्हिडिओसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ६६ ई ची. ठाण्यात पहिला प्रश्न आला, "हा तिथं गेलाच कशाला?" मी निकाल टेबलावर ठेवला आणि म्हणालो, कुठं जायचं हा त्याचा हक्क, पैसे उकळणं हा गुन्हा. अर्धा तास शांतता होती, मग गुन्हा नोंदवला गेला. त्या दोघांना अटक झाली, मोबाइल जप्त झाला. पोरगा फिर्यादी आहे. त्याच्यावर कसलाही आरोप नाही, कधी नव्हता.

तरी त्याचे वडील तारखेला आले की मला बाजूला घेतात आणि हळूच विचारतात, "साहेब, पोराच्या नावावर काही नोंद तर राहणार नाही ना?"