सारांशाची मूळ कराराशी रुजुवात कशी घ्यावी

प्रश्न: पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतोय. बिल्डरकडून विक्री कराराचा ३८ पानांचा मसुदा आलाय. एआय ॲपवर टाकून दीड पानाचा सारांश काढला. त्यात कलमांचे नंबर, रकमा, नावं सगळं आहे. पण हे खरंच करारात आहे की मनानं घातलंय, हे घरच्या घरी कसं तपासायचं?

उत्तर:

घरच्या घरी नक्की तपासता येतं. दोन माणसं आणि दोनेक तास मोकळे हवेत. नाशिकला सीबीएसजवळ एका वकिलांच्या कार्यालयात मी बरीच वर्षं दस्त तयार करण्याचं आणि तपासण्याचं काम केलं. सरकारी कचेरीतून मिळणाऱ्या नकलेवर खाली 'नक्कल करणार' आणि 'रुजुवात घेणार' अशा दोन वेगळ्या सह्या असतात, त्या तुम्ही पाहिल्या असतील. लिहिणारा एक आणि मुळाशी ताडून पाहणारा दुसरा, हीच पद्धत इथे वापरायची आहे.

गेल्या वर्षी माझ्या भाचीने असाच एक सारांश आणला होता. फ्लॅट इंदिरानगरचा, आणि करार अजून मसुदाच होता, म्हणजे सह्या व्हायच्या होत्या आणि काही जागा कोऱ्या होत्या. तो सारांश आम्ही कसा तपासला ते सांगतो, म्हणजे पद्धत आपोआप कळेल.

आम्ही सारांश आधी वाचलाच नाही. ही माझी पक्की सवय आहे. सारांश सुबक लिहिलेला असतो. तो आधी वाचला की मूळ करार वाचताना डोळ्याला तेच दिसू लागतं. म्हणून पहिल्यांदा मूळ मसुदा घेतला आणि एका कोऱ्या कागदावर त्यातली सगळी कलमं नंबरासकट उतरवली. प्रत्येक कलमासमोर ते कशाबद्दल आहे ते तीन-चार शब्दांत लिहिलं: '७, ताबा', '११, पार्किंग', '१४, देखभाल खर्च', '१६, बांधकामातले दोष'. पोटकलमंही लिहिली, कारण चुका बहुधा तिथेच होतात. याला अर्धा तास लागला आणि पुढचं निम्मं काम सोपं झालं.

मग सारांशाची छापील प्रत घेतली आणि त्यातला प्रत्येक आकडा, तारीख, कलम नंबर आणि नाव पेन्सिलीने अधोरेखित केलं. एका वाक्यात चार गोष्टी असतील तर त्या चार नोंदी धरल्या. अशा एकतीस नोंदी निघाल्या. प्रत्येकीसमोर मसुद्यातलं पान आणि ओळ लिहायची, आणि पान-ओळ लिहिता आली नाही तर ती नोंद सापडली असं म्हणायचं नाही, एवढाच नियम ठेवला. 'कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय' याला आम्ही जागा ठेवली नाही.

सारांशातलं एक वाक्य होतं: 'कलम ११.३ नुसार ३० जून २०२६ पर्यंत ताबा, उशीर झाल्यास वार्षिक ९ टक्के व्याज.' यात तीन नोंदी आहेत. तारीख बरोबर निघाली, पण ती कलम ७.१ मध्ये होती. आमच्या यादीत कलम ११ पार्किंगचं होतं आणि त्यात ११.१ आणि ११.२ एवढीच पोटकलमं होती. ११.३ मसुद्यात नव्हतंच. ९ टक्क्यांचा शोध घेतला तर तो आकडा अख्ख्या मसुद्यात नाही. व्याजाबद्दल तिथे फक्त 'नियमांत विहित केलेल्या दराने' असं लिहिलं होतं. महाराष्ट्राच्या रेरा नियमांप्रमाणे हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआरवर, म्हणजे बँकेच्या कर्जाच्या आधारभूत व्याजदरावर, आणखी दोन टक्के असा ठरतो, त्यामुळे तो बदलत राहतो. मूळ कागद जिथे दुसरीकडे बोट दाखवून थांबतो, तिथे सारांशाने ठोक आकडा बसवला होता. मनानं घातलेले आकडे मला सगळ्यात जास्त अशाच जागी सापडले आहेत. म्हणून मसुद्यात 'विहित', 'वेळोवेळी लागू होणारे', 'परिशिष्टात नमूद केल्याप्रमाणे' असे शब्द दिसले की त्या भागाचा सारांश दोनदा तपासा.

दुसरी चूक अशी होती की नुसतं शोधून पाहिलं असतं तर ती निसटली असती. सारांशात होतं: 'कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत आढळलेले बांधकामातले दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचे.' आता १४(३) हे मसुद्यात सापडतं. पाच वर्षंही सापडतात. पण आमच्या यादीत १४ समोर 'देखभाल खर्च' लिहिलेलं होतं. नीट पाहिलं तेव्हा कळलं की दोषांचं कलम १६ आहे आणि त्यात 'सदर कायद्याच्या कलम १४, पोटकलम (३) अन्वये' असा उल्लेख आहे. म्हणजे नंबर रेरा कायद्याचा होता आणि सारांशाने तो कराराचा करून टाकला होता. मजकूर खरा होता. पण उद्या भाचीने बिल्डरला पत्र लिहून 'कराराच्या कलम १४(३) नुसार' भिंतीची ओल दुरुस्त करा म्हटलं असतं, तर समोरच्याने देखभाल खर्चाचं कलम दाखवून तिला परत पाठवलं असतं. म्हणून कलम नंबर तपासताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारायचे: हा नंबर या करारात आहे का, आणि असला तर तिथे हेच लिहिलंय का? पहिल्याला 'हो' आलं म्हणून दुसरा सोडायचा नाही.

क्षेत्रफळाच्या बाबतीत गोष्ट थोडी वेगळी होती. मसुद्यात '५८.४० चौ. मी. चटई क्षेत्र' होतं. सारांशात '६२९ चौ. फूट बांधीव क्षेत्र' होतं. ५८.४० ला १०.७६४ ने गुणलं की ६२८.६ येतात, म्हणजे हिशोब बरोबर आहे. पण ६२९ हा आकडा मसुद्यात कुठेच नाही, तो काढलेला आहे. अशा नोंदींसमोर मी 'काढलेला' असं लिहितो आणि गुणाकार शेजारी मांडतो, म्हणजे तो 'सापडला'त मिसळत नाही. खरी चूक आकड्याला चिकटलेल्या शब्दात होती. चटई क्षेत्राचं बांधीव क्षेत्र झालं होतं, आणि एकाच आकड्यासमोर या दोन शब्दांचा अर्थ वेगळा होतो हे फ्लॅट घेणाऱ्या कुणालाही सांगायला नको.

नावांच्या बाबतीत मसुद्याच्या कोऱ्या जागांकडे लक्ष द्या. आमच्या मसुद्यात वास्तुविशारदाचं नाव होतं आणि त्याच्या खालच्या ओळीत आर.सी.सी. सल्लागाराची जागा रिकामी होती. सारांशात दोन्हीसमोर वास्तुविशारदाचंच नाव होतं. नाव मसुद्यातलंच होतं, हुद्दा मात्र मनानं दिलेला. तसंच जमीनमालकांच्या वतीने सही करणाऱ्या मुखत्याराला सारांशाने जमीनमालकच ठरवलं होतं. म्हणून नावाबरोबर हुद्दाही ताडायचा: लिहून देणार कोण, लिहून घेणार कोण, मुखत्यार कोण, संमती देणार कोण. आणि नाव पूर्ण ताडायचं, वडिलांच्या नावासकट, कारण एकाच घरातले दोघं-तिघं एकाच दस्तात असले की आडनाव जुळून काहीच सिद्ध होत नाही.

आता मोबाइलवर किंवा संगणकावर शब्द शोधण्याबद्दल. ते जरूर वापरा, पण 'सापडलं नाही' असं आलं म्हणून नोंद खोटी ठरवू नका. मसुदा स्कॅन केलेला असेल तर ती पानं म्हणजे फोटो असतात, त्यात काहीच सापडत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर तो दिसतो मराठी आणि आत अक्षरं भलतीच असतात. आणि सगळं ठीक असलं तरी तुम्ही `14` टाइप केलं आणि मसुद्यात `१४` असेल तर ते बऱ्याच ठिकाणी जुळत नाही. रकमेचंही तसंच आहे: `४६,५०,०००` असं स्वल्पविरामासकट असतं, कुठे नुसतं `४६५००००`, तर कुठे 'साडेशेहेचाळीस लाख'. हे सगळे प्रकार शोधून पाहावे लागतात, आणि तरीही शेवटी ते पान डोळ्यांनी वाचावंच लागतं.

वाचताना दुसऱ्या माणसाची गरज इथे लागते. एकाने मसुदा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने सारांशावर बोट ठेवून खूण करायची. रक्कम वाचताना 'चार, सहा, पाच, शून्य' असा एकेक अंक वाचायचा. आपल्या मराठीत एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे कानाला इतके जवळचे लागतात की वाचणारा एक म्हणतो आणि ऐकणारा दुसराच लिहितो. रक्कम अंकी आणि अक्षरी अशी दोन्हीकडे असते, ती दोन्ही ताडा. खुद्द मसुद्यातच त्या दोन जुळत नसतील तर तो सारांशाचा दोष नाही. ती चूक बिल्डरकडून सही होण्याआधी दुरुस्त करून घ्या.

एकतीसपैकी बावीस नोंदी पान-ओळीसह सापडल्या, तीन काढलेल्या निघाल्या आणि सहा चुकल्या. त्या सहांतल्या चार नोंदींमध्ये नंबर किंवा नाव मसुद्यातलंच होतं, फक्त जागा बदललेली. साफ मनानं घातलेल्या दोनच होत्या.

हे झालं की एक उलटी फेरी घ्या. मसुद्यातल्या 'परंतु', 'वगळून', 'अधीन राहून' या शब्दांवर खूण करा आणि त्यापुढचा मजकूर सारांशात आलाय का ते पाहा. आमच्याकडे ३० जून २०२६ या तारखेनंतर लगेच 'परंतु' होता, आणि युद्ध, पूर, भूकंप किंवा सरकारी आदेश यांमुळे उशीर झाल्यास मुदत वाढेल असं लिहिलं होतं. सारांशात तारीख आली, 'परंतु' गळाला. हे मनानं घातलेलं नाही, पण वाचणाऱ्याची फसगत तितकीच होते.

या तपासणीतून सारांश मसुद्याला धरून आहे की नाही एवढंच कळतं. मसुदा तुमच्या हिताचा आहे का, हे वकीलच सांगतील. त्यांच्याकडे जाताना सारांश नेऊ नका. मूळ मसुदा, कलमांची तुम्ही केलेली यादी आणि चुकलेल्या नोंदींची पानं घेऊन जा. आमच्या वकिलांनी भाचीच्या यादीवरूनच वाचायला सुरुवात केली होती.