रोज पळूनही वेग का घटतो?

"वडोदऱ्याच्या कमाटीबागेत रोज सकाळी दहा किलोमीटर पळतो, सुट्टी नाही. महिनाभरात वेग वाढायच्या ऐवजी कमी झाला आणि रात्री झोपही नीट लागत नाही. आणखी पळू का?"

नको. नेहमीच्याच वेगाला जास्त दम लागणं, पाय जड वाटणं, चिडचिड आणि दमूनही झोप न येणं ही एकत्र आली, तर शरीराची भरपाई मागे पडतेय असं समजा. अंथरुणातून उठण्यापूर्वी नाडी मोजून लिहून ठेवा. नेहमी ५८ असेल आणि सलग काही दिवस ६५ च्या वर राहिली, तर तो आणखी एक इशारा. एकट्या नाडीवर मात्र विसंबू नका, ताप किंवा जागरणानेही ती वाढते.

आठवडाभर पळणं बंद, फार तर रमतगमत चालणं. मग आठवड्यातून चारच दिवस पळा, त्यातला एकच वेगाचा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण सुट्टी. स्नायूंतला साखरेचा साठा भरायला साधारण एक दिवस तरी लागतो. स्नायूंच्या दुरुस्तीला मदत करणारं वाढीचं संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवतं. पाचला उठायचं तर नऊला आडवं व्हायलाच हवं (नवरात्रात वडोदऱ्यात हे अशक्य, तेव्हा सकाळचं पळणंच सोडा).

दोन-तीन आठवड्यांत फरक नाही पडला तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या.