डिफेनबॅकियाचं खोड बुडाशी सडलं, शेंडा कापून झाड वाचेल का?

*“आमच्या ओसरीतल्या डिफेनबॅकियाचं खोड मातीजवळ मऊ पडलंय, दाबलं की पाणी निघतं आणि वास येतो. वरची पानं अजून हिरवी आहेत. शेंडा कापून लावला तर जगेल का? गाव यवतमाळ जिल्ह्यात, पाऊस सुरू आहे.”*

जगेल, पण दोन अटी आहेत. कापायला उशीर करू नका आणि खोड लांब राहावं म्हणून खालून कापू नका. शेंडा लावूनही झाड जातं ते बहुतेक ही दुसरी अट मोडल्यानं. बाहेरून खोड हिरवं आणि टणक दिसतं तिथं माणूस सुरी लावतो, पण आत सड त्याच्याही वर चढलेली असते.

म्हणून कुठे कापायचं हे बाहेरून ठरवू नका, कापलेला भाग पाहून ठरवा. तुरीवर मर रोग आला की आपल्याकडे खोड उभं चिरून आतल्या तपकिरी-काळ्या रेषा पाहतात, तसंच हे आहे. फक्त इथे खोड आडवं कापायचं. डिफेनबॅकियाच्या खोडात पाणी नेणाऱ्या नळ्या गोलात नसतात, गरभर विखुरलेल्या असतात. निरोगी काप पांढरट-हिरवट, घट्ट आणि रसदार दिसतो. त्यात तपकिरी ठिपके दिसले तर त्या नळ्यांतून रोग वर गेलेला आहे. गर घट्ट असला, वास नसला, तरी ते ठिपके सोडून देऊ नका.

कापण्याआधी हातांचं पाहा. हे झाड अळूच्याच कुळातलं आहे आणि याच्या रसातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कातडीला खाज सुटते, डोळ्यात गेला तर फार आग होते आणि तुकडा चावला तर जीभ-ओठ सुजतात. हातात पॉलिथिनच्या पिशव्या घाला, लहान मुलांना दूर बसवा आणि ती सुरी धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात नेऊ नका. कोणी चावलंच तर तोंड धुऊन थंड पाणी किंवा दूध द्या. सूज वाढली, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर सरळ दवाखाना गाठा.

आमच्या शेजारच्या मावशींच्या झाडाचं सांगतो, म्हणजे अंदाज येईल. झाड साधारण अडीच फुटांचं. कुंडी कवेलूच्या पागोळीखाली, खाली बशी, आत शेतातून आणलेली नुसती काळी माती. बुडाजवळ चार बोटं खोड मऊ झालं होतं. त्याच्या दोन बोटं वर पहिला काप घेतला, तर अर्धा गर तपकिरी निघाला. सुरी स्पिरिटनं पुसून आणखी दोन इंच वर कापलं. गर पांढरा होता, पण एका बाजूला पाच-सहा ठिपके होते. मावशी म्हणाल्या, “आता राहू द्या, झाड लहान होतं.” तरीही सुरी पुन्हा पुसून आणखी दोन इंच वर गेलो, तेव्हा काप पूर्ण स्वच्छ आला. हातात शेंडा आणि त्याखालचं जेमतेम सहा इंच खोड उरलं, आणि तेवढं पुरेसं होतं. प्रत्येक कापानंतर सुरी पुसायचीच, नाहीतर सडका रस आपणच वरच्या निरोगी भागाला लावतो.

शेंड्याची वरची तीन-चार पानं ठेवा, खालची काढून टाका. पानाचा देठ खोडाला म्यानासारखा गुंडाळलेला असतो, तो पूर्ण सोलून काढा. म्यानाचा तुकडा मातीत राहिला की आधी तो कुजतो आणि मग खोड. त्यानंतर शेंडा लगेच लावू नका. सावलीत, वारा लागेल अशा जागी, काप उघडा ठेवून आडवा ठेवा. कोरड्या दिवसांत एक दिवस बस होतो, पण सध्याच्या दमट हवेत दोन-तीन दिवस लागतील. कापावर हात लावल्यावर ओल लागली नाही पाहिजे. पानं थोडी मलूल होतील, त्याची काळजी करू नका.

बरेच जण शेंडा पाण्याच्या बाटलीत ठेवतात. निरोगी झाडाच्या फांदीला त्यात मुळं सहज फुटतात. पण तुम्ही लिहिलेला वास आणि पाणी सुटणं पाहता ही जिवाणूंची सड असण्याची शक्यता जास्त आहे, आणि एखादा ठिपका नजरेतून सुटला असेल तर तो पाण्यात झपाट्यानं पसरतो. मी तुम्हाला रेतीच सुचवीन. नदीची जाड रेती धुऊन घ्या, गाळ निघून गेला पाहिजे. पाच-सहा इंची कुंडी घ्या, भोक उघडं हवं, त्यावर एक खापर ठेवा. खोड दोन-तीन इंचच आत जाऊ द्या, म्हणजे एक-दोन पेरं रेतीत राहतील. मुळं पेरांतूनच फुटतात. वरचं वजन कलू नये म्हणून बाजूला काडी बांधा. एकदा पाणी द्या, मग वरची इंचभर रेती सुकल्यावरच पुन्हा. उजेड भरपूर हवा, ऊन आणि पागोळी नको. खत आता अजिबात घालू नका.

पावसाळ्यातली ऊब मुळांना मानवते, त्यामुळे साधारण तीन ते पाच आठवड्यांत मुळं धरतात. या काळात खालचं एखादं पान पिवळं पडून गेलं तर चालतं. शेंड्यातली सुरळी उलगडू लागली आणि खोड हलकंसं ओढल्यावर अडल्यासारखं वाटलं, की मुळं आली समजा. उलट रेतीजवळ खोड दाबून पाहिल्यावर बोट रुतलं, तर लगेच उपटून पुन्हा स्वच्छ गरापर्यंत कापा. ठिपके थेट कोंबापर्यंत गेले असतील तर मात्र ते झाड वाचत नाही.

कृषी केंद्रात कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक सहज मिळतं आणि लोक तेच ओततात. ते जिवाणूंवर चालत नाही, ओल्या मातीत मूळ कुजवणाऱ्या पिथियमवरही नाही. शिवाय सडलेला गर कुठल्याच औषधानं पुन्हा घट्ट होत नाही. तिथे सुरीच लागते.

मुळं धरल्यावर कायमच्या कुंडीत नुसती काळी माती भरू नका. पावसात ती फुगते, तिच्यात हवा राहत नाही, मुळं गुदमरतात आणि मग सड शिरते. पानं लोंबलेली पाहून माणूस आणखी पाणी घालतो, त्यानं सड वाढतेच. एक भाग काळी माती, एक भाग जाड रेती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कोकोपीट, एवढं मिश्रण पुरतं. पावसाळ्यात बशी काढून ठेवा.

बुडाचं सडलेलं खोड आणि जुनी माती उकिरड्यावर टाकू नका. तिथे शेळ्या फिरतात आणि हे झाड त्यांनाही बाधतं. खड्डा करून पुरा. जुनी कुंडी वापरायचीच असेल तर साबणानं घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा. सध्या ऊन नसेल तर ती बाजूला ठेवा आणि शेंडा दुसऱ्या कुंडीत लावा.