पणती, DIYA LAMP आणि मोदकाचा अर्ज

प्रश्न: पणतीच्या इमोजीचं नाव बघितलं तर diya lamp असं दिसतं. म्हणजे ‘दिवा दिवा’च झालं ना? ही नावं ठरवतं कोण? आणि उद्या कुणी मोदकाचा इमोजी मागितला तर तो मंजूर कसा होतो?

‘पिवळा पितांबर’ आणि ‘गाईचं गोमूत्र’ यांच्या पंगतीला हे नाव बसवायचा मोह होतो खरा, पण मी त्याला थोडी सूट देईन. आपल्याकडे दिवा हे घराणं आणि पणती, समई, निरांजन, लामणदिवा ही त्यातली माणसं. हिंदीतला ‘दिया’ इंग्रजीत गेला तो मात्र पणतीपुरताच. इंग्रजीत diya म्हटलं की मातीची, तेलवातीची पणतीच डोळ्यांपुढे येते. मागे जोडलेला lamp हा, ज्याला ती माहीतच नाही त्याला सांगण्यासाठी लावलेलं आडनाव आहे. आपण ‘पिटा ब्रेड’ म्हणतो तेव्हा हेच करतो.

नाव देणारी संस्था म्हणजे युनिकोड कन्सोर्शियम, आणि तिचं मूळ काम अक्षरांचं. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आणि एक नाव द्यायचं, म्हणजे इथे टाइप केलेला ‘ळ’ दुसऱ्या यंत्रावरही ‘ळ’च उमटतो. आपण ‘ॲप’ लिहिताना वापरतो तो ‘ॲ’ याच यादीत २००८ साली U+0972 या क्रमांकावर बसला. इमोजी तिथे पोचले ते जपानमुळे. जपानी भाषेत ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. ‘इमोशन’शी साम्य निव्वळ योगायोगाचं. तिथल्या मोबाइल कंपन्यांची चित्राक्षरं एकमेकींच्या फोनवर नीट जात नव्हती, म्हणून २०१० मध्ये त्यांना युनिकोडचे क्रमांक मिळाले. एकदा दार उघडल्यावर मग जगभरातून मागण्या आल्या. (‘तो इमोजी’ की ‘ती इमोजी’? दोन्ही ऐकू येतात. मी ‘तो’ लिहितो.)

आता मोदकाचा अर्ज करून बघू. अर्ज कुणीही करू शकतो, त्यासाठी कंपनी किंवा सरकार असावं लागत नाही. अलीकडच्या वर्षांत २ एप्रिल ते ३१ जुलै एवढाच काळ अर्ज घेतात. अर्जासोबत तुम्ही काढलेलं चित्र लागतं, रंगीत आणि काळंपांढरं, आणि तेही दोन मापांत: ७२ बाय ७२ आणि १८ बाय १८ पिक्सेल. हे लहान माप बऱ्याच कल्पनांना आडवं येतं. उकडीच्या मोदकाच्या कळ्या मोठ्या चित्रात सुरेख दिसतात, पण १८ पिक्सेलमध्ये उतरवल्या की तो लसणाच्या गड्ड्यासारखा दिसायला लागतो. आणि लसूण यादीत २०१९ पासून आहे! वर २०१७ साली आलेला डंपलिंगही आहे. समितीचा पहिला सवाल हाच असणार, की हे आधीच्या एखाद्या इमोजीने भागत नाही का? चेष्टेचा भाग सोडला तर मोदकाच्या अर्जातली सर्वांत कच्ची बाजू ही आहे.

दुसरी बाजू पुराव्याची. लोक या गोष्टीबद्दल किती बोलतात, किती शोधतात ते दाखवावं लागतं: गूगल ट्रेंड्सवरचा शब्दशोध आणि चित्रशोध, व्हिडिओशोध, आणि छापील पुस्तकांतली वारंवारता दाखवणारा गूगलचा एनग्रॅम आलेख. प्रत्येक आलेखात तुलनेसाठी एक ठरलेला शब्द घालायचा असतो. तो शब्द elephant. आहे त्या इमोजींमध्ये हत्ती वापराच्या दृष्टीने साधारण मधला मानला गेला, म्हणून ही मोजपट्टी. गणपतीच्या नैवेद्याला हत्तीशी झुंज द्यावी लागावी हे मला तरी भारी वाटतं.

या झुंजीत मोदक कुठे मार खाईल तेही पाहू. एक तर त्याचा शोध हंगामी असतो. भाद्रपदात आलेख ताडासारखा उंच जातो आणि विसर्जन झालं की परत जमिनीवर येतो, हत्ती मात्र बाराही महिने आपला संथ चालत राहतो. दुसरी अडचण खास आपली, भाषेची आहे. रोमन लिपीत ‘मोदक’ आणि ‘मोडक’ दोन्ही Modak होतात. त्यामुळे इंग्रजी पुस्तकांतल्या आलेखात ताराबाई मोडकांचं आडनावही खाद्यपदार्थ म्हणून मोजलं जाईल. अर्ज वाचणाऱ्यांना असली संदिग्धता ओळखता येते, म्हणून शब्दाला ‘modak sweet’ असं काहीतरी जोडून पुन्हा शोधावं लागतं, आणि तसं केलं की आकडा धाडकन खाली येतो. मराठी पुस्तकांतला ‘मोदक’ मोजावा म्हटलं, तर एनग्रॅममध्ये मराठीच काय, कुठलीच भारतीय भाषा नाही. इथे मोजपट्टीच एका बाजूला कललेली आहे, असं माझं मत.

सह्यांच्या मोहिमेचा तर अजिबात उपयोग नाही. ‘हा मेसेज दहा ग्रुपवर पाठवा, मोदकाला न्याय मिळवून द्या’ असलं काही अर्जात पुरावा म्हणून धरत नाहीत, कारण मोहीम काढून जमवलेली मागणी आणि रोजचा वापर या वेगळ्या गोष्टी आहेत. मोदकाऐवजी थेट गणपतीच मागावा असं कुणाच्या मनात असेल तर तेही दार बंद आहे. देवदेवता, ठरावीक व्यक्ती, ठरावीक वास्तू आणि कंपन्यांची बोधचिन्हं नियमानेच वर्ज्य आहेत. देऊळ चालतं, देव चालत नाही. मोदकाच्या बाजूने सांगता येण्यासारखं एक आहे: एका चित्राला जास्त अर्थ असले तर ते गुण धरले जातात. मोदक म्हणजे पदार्थ, गणेशोत्सव आणि नैवेद्य, तिन्ही. अर्जात मी यावरच जोर दिला असता.

अर्ज पहिल्यांदा वाचतो तो इमोजींचा कार्यगट. पूर्वी त्याला उपसमिती म्हणत. बहुतेक अर्जांची वाट इथेच संपते. पसंत पडलेले अर्ज शिफारशीसह युनिकोड टेक्निकल कमिटीपुढे जातात. तिथे मत असतं ते मताधिकार असलेल्या सदस्य संस्थांना, आणि त्यांत ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट आहेत. म्हणजे फोनवर चित्र काढून देणारेच मतदानालाही बसतात. समितीने उचललेल्या प्रस्तावाला ‘ड्राफ्ट कँडिडेट’ म्हणतात. इथला कँडिडेट म्हणजे अगदी आपला उमेदवार, निवडून आलेला नव्हे. या टप्प्यावर नाव, क्रमांक, चित्र, सगळं बदलू शकतं, उमेदवारी रद्दही होऊ शकते. बातम्यांमध्ये ‘हे नवे इमोजी येणार’ म्हणून झळकते ती पुष्कळदा ही उमेदवारांचीच यादी असते. अर्जापासून फोनपर्यंत दीड ते दोन वर्षं सहज जातात.

अंतिम मतदानात मंजूर काय होतं, याबद्दल मोठा गैरसमज आहे. चित्र मंजूर होत नाही. मंजूर होतो एक क्रमांक, एक नाव आणि नमुन्यादाखल एक आकृती. पणतीला मिळाला U+1FA94, मार्च २०१९ मध्ये, युनिकोडच्या बाराव्या आवृत्तीत. साडी, ऑटोरिक्षा आणि देऊळ त्याच आवृत्तीतले. मग प्रत्येक कंपनी आपापल्या चित्रकाराकडून आपापली पणती काढून घेते आणि पुढच्या अपडेटमधून पाठवते. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीबरोबर ती सप्टेंबरमध्ये आली. आयफोनवर आली २८ ऑक्टोबरला, आणि त्या वर्षी लक्ष्मीपूजन होतं २७ ऑक्टोबरला. मार्चमध्ये मंजूर झालेली पणती पाडव्याला पोचली! भाऊबीजेला ताईने हौसेने पाठवलेल्या पाच पणत्या माझ्या जुन्या फोनवर पाच चौकोन होऊन उतरल्या. असा चौकोन दिसला की समजायचं, क्रमांक बरोबर पोचलाय, पण आपल्या फोनच्या फाँटमध्ये त्या क्रमांकाचं चित्र नाही.

आता पुन्हा नावाकडे. मंजुरीबरोबर दिलेलं DIYA LAMP हे नाव कायमचं असतं. त्यात रोमन मोठी अक्षरं, आकडे, जोडरेघ आणि मोकळी जागा एवढंच चालतं, आणि चुकलं तरी ते बदलत नाहीत. U+FE18 या चिन्हाच्या नावात BRACKET ऐवजी BRAKCET पडलंय. ते चुकीचं म्हणून नोंदलेलं आहे, शेजारी दुरुस्त पर्यायी नाव दिलेलं आहे, पण मूळ नाव तसंच. कारण ही नावं माणसांसाठी कमी आणि संगणकाच्या आज्ञावल्यांसाठी जास्त असतात. नाव बदललं की त्या नावाने चिन्ह शोधणारी आज्ञावली मोडते.

आपल्याला फोनवर जे नाव दिसतं किंवा आंधळ्या माणसाला फोन जे वाचून दाखवतो, ते मात्र सहसा निराळं असतं. ते त्याच संस्थेच्या सीएलडीआर या दुसऱ्या प्रकल्पातून येतं. तिथे प्रत्येक भाषेसाठी प्रत्येक इमोजीचं छोटं नाव आणि शोधशब्द असतात, आणि ते बदलता येतात. पिस्तुलाचं बघा. यादीतलं नाव आजही PISTOL आहे. २०१६ मध्ये ॲपलने त्याचं पाण्याची पिचकारी करून टाकलं, पुढे इतरही त्याच वाटेने गेले, आणि मग सीएलडीआरमधलं इंग्रजी नाव ‘water pistol’ झालं. क्रमांक तोच, पक्कं नाव तेच, दिसतं आणि ऐकू येतं ते दुसरंच.

तेव्हा ‘पणती’ हा शब्द मराठी इमोजीला चिकटवायचा तर DIYA LAMP शी भांडून काही होणार नाही. भांडण सीएलडीआरच्या मराठी यादीत करायचं. तिथे ठरावीक काळात खातं घेऊन भाषेचे जाणकार शब्द सुचवतात आणि एकमेकांच्या सुचवण्यांवर मत देतात. मी असतो तर नावात ‘पणती’ आणि शोधशब्दांत ‘दिवा, दिवाळी, तेल, वात’ सुचवले असते. ‘समई’ सुचवली नसती, तिचा आकार वेगळा.