ऑडिटची एनसी मराठीत कशी लिहायची?

प्रश्न: भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. ऑडिटमध्ये एनसी, म्हणजे नॉन-कन्फर्मिटी, आली. ती आणि करेक्टिव्ह ॲक्शन ऑपरेटरना मराठीत कशी लिहून देऊ?

उत्तर: एनसीला एनसीच म्हणा, शॉप फ्लोअरवर 'अननुरूपता' कोण बोलतं? समजा, कॅलिब्रेशनची मुदत उलटलेल्या मायक्रोमीटरने शाफ्ट तपासले जात होते. तर 'कॅलिब्रेशन नीट नाही' असं मोघम नको. मायक्रोमीटरचा नंबर, स्टिकरवरची तारीख, तो कुठल्या मशीनवर सापडला, एवढं लिहा. सोबत आयएसओ ९००१ चं कलम ७.१.५.२.

गोंधळ पुढे होतो. मायक्रोमीटर लॅबला पाठवला, हे नुसतं करेक्शन. करेक्टिव्ह ॲक्शनमध्ये तारीख हुकलीच का, ते शोधून कारण काढायचं. कॅलिब्रेशनची यादी एकाच माणसाच्या कॉम्प्युटरवर होती आणि तो रजेवर गेला, असं निघालं तर लिहा: 'यादी टूल रूममध्ये लावली, मुदत संपलेलं गेज द्यायचं नाही.' 'ऑपरेटरला समज दिली' असलं उत्तर ऑडिटर बहुधा परत पाठवेल.

आणि लॅबच्या रिपोर्टमध्ये मायक्रोमीटर चुकीचं माप दाखवत असेल, तर त्यावर आधी पास केलेल्या शाफ्टचं काय, हेही ठरवावं लागतं. हे हमखास राहून जातं.