लॉगिन कुणाकडे आहे ते आधी विचारा

"ताई, वेबसाइटचं काम दीड महिना अडकलंय. कंटेंट, लोगो, सर्व्हरचं लॉगिन, काहीच आलेलं नाही. पाच मेसेज केले, ब्लू टिक येते पण उत्तर नाही. परत मागितलं तर क्लायंट चिडेल अशी भीती वाटते. कसं लिहू?"

असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता, सांगलीतल्या एका हळदीच्या व्यापाऱ्याची साइट करत होता. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी स्वतः बरीच वर्षं साइट्सच बनवायचे, त्यामुळे पहिल्यांदा त्याला म्हटलं, पाठवलेले मेसेज दाखव. सगळ्यांत तेच, "सर, कंटेंट, लोगो आणि सर्व्हर डिटेल्स लवकरात लवकर पाठवा, काम थांबलंय."

मी विचारलं, या तीनपैकी हे व्यापारी काका स्वतः उठून काय देऊ शकतात? तो बराच वेळ गप्प बसला. नंतर कळलं की लोगोची मूळ फाइल होती पोत्यांची लेबलं छापणाऱ्या प्रिंटरकडे, लॉगिन होतं जुन्या साइटवाल्याकडे, आणि कंटेंट म्हणजे नक्की काय लिहायचं हे काकांना कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मेसेज अशा माणसाला जात होता ज्याच्या हातात यातलं काहीच नव्हतं, मग तो उत्तर काय देणार.

लोगो सोपा होता. काकांनी व्हिजिटिंग कार्डाचा फोटो काढून पाठवला होता, तो मोठा केला की फाटतो. आपल्याकडे बऱ्याच प्रिंटरकडे कोरलची फाइल पडून असते, म्हणून काकांकडे लोगो मागायचा नाही, प्रिंटरचा नंबर मागायचा. आणि प्रिंटरला सांगायचं की अक्षरं कर्व्हमध्ये कन्व्हर्ट करून पीडीएफ किंवा एसव्हीजी द्या, नाहीतर तो फॉन्ट आपल्याकडे नसला की अक्षरं बदलून येतात. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून.

कंटेंटसाठी त्याने काकांना फोन करून चारच प्रश्न विचारले, धंदा कधीपासून, माल कुठे कुठे जातो, गिऱ्हाईक आधी काय विचारतं, पत्ता आणि वेळ काय. त्यावरून स्वतःच मजकूर लिहून पाठवला आणि म्हटलं चुकलं असेल ते सांगा. काकांनी त्याच रात्री तीन दुरुस्त्या पाठवल्या!

खरी गाठ लॉगिनची होती. डोमेन काकांच्या नव्हे तर जुन्या साइटवाल्याच्या खात्यात, ओटीपीसुद्धा त्याच्याच मोबाइलवर, आणि दोघांचं पैशावरून बिनसलेलं. हे बाहेरच्या मुलाला सांगायला काकांना अवघड जात होतं म्हणून ते गप्प होते, चिडलेले अजिबात नव्हते. हे कळलं ते या मेसेजमुळे, आम्ही दोघांनी बसून लिहिला:

"काका नमस्कार. होम पेज आणि मालाची पानं माझ्या टेस्ट लिंकवर तयार आहेत, लिंक खाली देतोय. आता एकच गोष्ट हवी. डोमेनचं रिन्युअल बिल कुणाच्या नावावर येतं आणि ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो, एवढंच कळवा. पासवर्ड पाठवू नका. माहीत नसेल तरी चालेल, शुक्रवारी 11 वाजता फोन करतो, मिळून शोधू. तुमचे ईमेल चालू राहतील याची काळजी मी घेतो."

यात ना लवकरात लवकर आहे ना काम थांबलंय. माहीत नसेल तरी चालेल हे वाक्य मुद्दाम घातलं, कारण लाज वाटणाऱ्या माणसाला तिथूनच बोलायला जागा मिळते. शुक्रवारपर्यंत थांबावंच लागलं नाही, त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला आणि त्यांनी सगळं सांगितलं. मग त्याच डोमेन कंपनीत काकांच्या नावाने खातं उघडलं, राहिलेल्या पैशाचं काकांनी स्वतः मिटवलं आणि जुन्या साइटवाल्याने डोमेन तिकडे हलवून दिलं. होस्टिंगचं लॉगिन हाती आल्यावर काकांनी सीपॅनेलमधून वेगळं एफटीपी खातं करून दिलं, काम झालं की ते डिलीट करता येतं आणि मुख्य पासवर्ड कुणाच्या चॅटमध्ये राहत नाही.

ईमेलची ओळसुद्धा उगाच नव्हती हां. नेमसर्व्हर बदलायच्या आधी जुने एमएक्स रेकॉर्ड उतरवून घेतले नाहीत आणि नव्या जागी टाकले नाहीत तर डोमेनवरचे मेल यायचे बंद होतात, आणि काकांच्या निम्म्या ऑर्डरी मेलवरच यायच्या.

सगळेच क्लायंट असे बोलते होतात असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या एका केसमध्ये फोनही उचलला जात नव्हता, तेव्हा झालेल्या कामाचं बिल आणि "लॉगिन मिळाल्यावर दहा दिवसांत साइट लाइव्ह होईल, तोवर काम पॉज ठेवतोय" असा एक साधा मेल करून तो विषय तिथे ठेवावा लागला.

तुम्ही आज आधी व्हूइजमध्ये डोमेन टाकून बघा, नाव बऱ्याचदा लपवलेलं असतं पण कंपनी आणि एक्स्पायरीची तारीख दिसते. तारीख जवळ असेल तर मेसेजमध्ये पहिल्यांदा तीच लिहा, लोगो आणि कंटेंट या वेळी मागूच नका.