शिखर की वळणबिंदू?

प्रश्न : करोनाच्या दुसऱ्या लाटेबद्दलच्या एका लेखात मे 2021 च्या पहिल्या आठवड्याला एकदा ‘साथीचं शिखर’ म्हटलंय आणि पुढे ‘वळणबिंदू’. शिखर म्हणजे टोक, वळण म्हणजे दिशा बदलणं. मग एकाच वेळेला दोन्ही कसं? यातला बरोबर शब्द कोणता?

दोन्ही बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या आलेखांचे शब्द आहेत. एक आलेख रोज किती नवे रुग्ण सापडले याचा. तो चढतो, टोक गाठतो आणि उतरतो, म्हणून त्याला शिखर असतं. दुसरा, साथ सुरू झाल्यापासून आजवर एकूण किती रुग्ण झाले याचा. एकदा मोजलेला रुग्ण या बेरजेतून वजा होत नाही, त्यामुळे हा आलेख कधी खाली येतच नाही. ‘एकूण रुग्णसंख्येनं शिखर गाठलं’ हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. एकूण आकड्याला शिखर नसतं, वळणबिंदू असतो.

गणितात त्याला नतिपरिवर्तन बिंदू म्हणतात. कसाऱ्याच्या घाटात डावं वळण संपून उजवं सुरू होताना क्षणभर स्टिअरिंग अगदी सरळ असतं, तीच ही जागा. एकूण रुग्णांचा वक्र C(t) आधी वरच्या बाजूला वळत जातो, म्हणजे रोजची भर वाढत असते. नंतर तो आडवा व्हायला लागतो, म्हणजे भर घटत असते. रोजची भर हा C चा पहिला अवकलज आणि ती भर किती वाढली-घटली हा दुसरा. भर जिथे सर्वांत मोठी असते तिथे ती ना वाढत असते ना घटत, म्हणून तिथे C″(t) = 0. एका आलेखाचं शिखर आणि दुसऱ्याचा वळणबिंदू असे एकाच तारखेवर येतात.

फक्त शून्य सापडलं म्हणजे शिखर सापडलं असं मात्र नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये दोन लाटांच्या मधल्या तळाशीही दुसरा अवकलज शून्यातून गेला होता, पण उणेकडून अधिककडे. शिखराशी तो अधिककडून उणेकडे जातो. ‘वळणबिंदू’ हा शब्द दोन्ही जागांना लागू पडतो, ‘शिखर’ एकाच जागेला. माझ्या मते हा फरक जपला पाहिजे.

आता प्रत्यक्ष आकड्यांत बघू. केंद्राच्या सकाळच्या अहवालात 1 मे 2021 ला 4,01,993 नवे रुग्ण होते. पुढचे तीन दिवस 3,92,488, मग 3,68,147, मग 3,57,229. हाती रोजचे सुटे आकडे असले की दुसरा अवकलज म्हणजे आजच्या आकड्यातून कालचा वजा करणं. ती वजाबाकी तीन दिवस सलग उणे आली. शिखर झालं असं 4 मेला कुणालाही वाटलं असतं. पण 5 मेला आकडा 3,82,315 वर गेला, 6 ला 4,12,262 आणि 7 ला 4,14,188. मधली उतरण होती शनिवार-रविवारी कमी झालेल्या चाचण्यांची. ते कमी आकडे सोमवार-मंगळवारच्या अहवालांत दिसतात.

हे ओळखायची सोपी खूण म्हणजे मंगळवारची तुलना मंगळवारशीच करायची. 27 एप्रिलला 3,23,144 होते आणि 4 मेला 3,57,229, म्हणजे चढण चालूच होती. 11 मेला मात्र 3,29,942, तेव्हा उतार खरा.

सात दिवसांची सरासरी हेच काम करते, कारण प्रत्येक सप्ताहात प्रत्येक वार एकदाच येतो. 3 ते 9 मे या सात दिवसांची सरासरी सर्वांत जास्त येते, सुमारे 3,91,000. ही सरासरी 9 मेच्या नावावर लिहायची पद्धत आहे, पण तिचा मधला दिवस 6 मे. सुट्या आकड्यांत मात्र सर्वांत मोठा आकडा 7 मेचा. म्हणून काही ठिकाणी शिखर 9 मेला दिसतं, काही ठिकाणी 7 मेला, आणि लेखक ‘पहिला आठवडा’ म्हणून मोकळा होतो. त्यात गैर काही नाही. शिखराची तारीख एका दिवसावर नेमकी टेकवता येत नाही आणि पुढचे काही दिवस उलटल्याशिवाय ती कळतही नाही.

आणखी एक शब्द इथे घोटाळा करतो, ‘उपचाराधीन रुग्ण’. त्यांचं शिखर वेगळं असतं. बरे झालेले आणि दगावलेले मिळून जेव्हा नव्या रुग्णांपेक्षा जास्त होतात, तेव्हाच ही संख्या घटायला लागते. दुसऱ्या लाटेत ती 10 मेच्या अहवालात सर्वाधिक होती, सुमारे 37.45 लाख. तेव्हा लिहिताना ‘रोजच्या नव्या रुग्णांचं शिखर’, ‘उपचाराधीन रुग्णांचं शिखर’ आणि ‘एकूण रुग्णांच्या आलेखाचा वळणबिंदू’ असं पूर्ण लिहावं. नुसतं ‘साथीचं शिखर’ म्हटलं की यातलं कोणतं ते वाचणाऱ्याला ठरवता येत नाही.